ओटीजीत भाजलेला अख्खा बटाटा: साल कुरकुरीत, आत भुसभुशीत

अख्खा बटाटा सालीसकट ओव्हनमध्ये भाजताना खरं तर दोन कामं एकदम चाललेली असतात. आतला गर शिजायला हवा आणि तो स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. साल मात्र शिजवायची नसते, सुकवायची असते. या दोन कामांची गल्लत झाली की बटाटा बिघडतो. आत मऊ पण साल वातड, नाहीतर साल काळी आणि मधे कच्ची गाठ. आपल्याकडे चुलीच्या राखेत बटाटे, रताळी पुरून भाजायची सवय आहे, पण तिथली साल सोलून टाकायची असते. इथे साल खायची आहे, म्हणून तिची वेगळी काळजी घ्यावी लागते.

खालचं सगळं घरच्या साध्या ओटीजीसाठी आहे. म्हणजे वर-खाली रॉड, मधे जाळी, बाहेर दोन-तीन बटणं. साताऱ्यात बहुतेक घरी हाच असतो.

बटाटा कोणता घ्यायचा

मंडईत इंदूरचा, आग्र्याचा आणि हंगामात आपल्या खटाव-पुसेगावकडचा बटाटा येतो. पावसाळ्याच्या शेवटी येणारा नवा गावरान बटाटा रश्श्याला झकास, पण या कामाला नको. त्याची साल नखानं खरवडली तर पापुद्र्यासारखी सुटून येते. इतकी पातळ साल कुरकुरीत होण्याआधी करपते, किंवा सुरकुतून गराला चिकटून बसते. आपल्याला हवा तो जुना, टणक, साल घट्ट बसलेला, थोडा खरखरीत लागणारा बटाटा.

दुसरी गोष्ट गराची. काही बटाट्यांत पिठूळपणा जास्त असतो, काहींत पाणी जास्त. पिठूळ बटाटा भाजला की आत मोकळा, भुसभुशीत होतो. पाणीदार बटाटा कितीही भाजा, ओलसर आणि चिकटच राहतो. कुफरी पुखराज ही जात पाणीदार आहे, तर वेफर्ससाठी काढलेली चिपसोना पिठूळ. पण भाजीवाल्याला जात विचारली तर तो आपल्याकडे बघत राहतो. म्हणून घरी मिठाच्या पाण्यात तपासावं. अर्धा लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं आणि त्यात धुतलेला बटाटा सोडायचा. तळाशी बसला तर चांगला पिठूळ. तरंगला तर पाणीदार, त्याची भाजी करा. मधेच लटकला, सावकाश खाली गेला, तरी चालेल. आपल्या बाजारातले बरेच बटाटे तरंगतात, त्यामुळे पहिल्याच पिशवीत निराश होऊ नका. दोन ठिकाणचा अर्धा-अर्धा किलो आणून तपासला की कुणाकडून घ्यायचा ते कळतं. हे मिठाचं पाणी टाकून देऊ नका, पुढे लागणार आहे.

आकार २०० ते २५० ग्रॅमचा घ्या, म्हणजे किलोत चार-पाच बसतात तेवढा. सगळे साधारण सारख्या जाडीचे हवेत. भाजायला लागणारा वेळ लांबीवर ठरत नाही, जाडीवर ठरतो. लांबट बटाटा वजनाला जास्त असूनही गोल गरगरीत बटाट्याच्या आधी होऊ शकतो. हिरवट पडलेले आणि भरपूर कोंब फुटलेले घेऊ नका. साल खायची आहे, आणि हिरव्या बटाट्यातलं कडू, अपायकारक द्रव्य सालीत आणि सालीलगतच जास्त असतं.

बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर या पदार्थापुरतं तरी ते थांबवा. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होत जाते. असा बटाटा भाजला की चव गोडसर लागते आणि साल कुरकुरीत व्हायच्या आतच काळपट पडते. शीतगृहातून आलेल्या बटाट्यालाही हे होतं. तो अंधाऱ्या, कोरड्या जागी दोन-तीन आठवडे उघड्या टोपलीत ठेवला तर साखर बरीच कमी होते.

धुणं, टोचणं, सुकवणं

माती खोबणीत बसलेली असते, म्हणून नळाखाली काथ्यानं किंवा भाजी घासायच्या ब्रशनं घासा. साल सोलवटेल इतकं नाही. मग कोरड्या पंचानं पुसून घ्या.

आता टोचायचं. बटाट्यात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, आणि घट्ट सालीतून तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर बटाटा ओव्हनमध्ये फुटू शकतो. प्रत्येक वेळी फुटतो असं नाही. न टोचलेले कित्येक बटाटे निमूटपणे भाजले जातात. पण एक जरी फुटला तरी तापलेल्या रॉडवर चिकटलेला गर खरवडण्यात संध्याकाळ जाते. जेवायच्या काट्यानं सगळ्या बाजूंनी मिळून सहा-आठ वेळा टोचा. काटा साधारण एक सेंटिमीटर आत जायला हवा, नुसती साल ओरखडून भागत नाही. फार भोकंही पाडू नयेत. सुरीनं लांब चिरा तर देऊच नका, चिरेच्या कडा आधी करपतात. मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर मात्र टोचणं सक्तीचं समजा, तिथे बटाटा आतूनही झपाट्यानं तापतो.

टोचलेले बटाटे मघाच्या मिठाच्या पाण्यात एकदा घोळवून काढा आणि जाळीवर पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाणी उडालं की सालीवर मिठाचा पांढुरका थर राहतो. वरून भुरभुरलेलं मीठ घरंगळून खाली पडतं, हा थर चिकटून बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे पंख्याखालीसुद्धा काही सुकत नाही, उलट मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. तेव्हा वाट बघू नका, नीट झटकून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाका. पाण्याचा तो पातळ थर पहिल्या दहा मिनिटांत उडून जातो.

या टप्प्यावर तेल लावायचं नाही. बरेच जण आधी तेल चोळतात, आणि तसंही चालतं. पण तेलाचा थर सालीतला ओलावा बाहेर पडायला आडवा येतो. आधी साल सुकू द्यावी आणि तेल शेवटी लावावं, हे मला जास्त पटतं. फरक खाताना कळतो.

ओव्हनचा आकडा

ओटीजी २०० अंश सेल्सिअसवर लावा, दोन्ही रॉड चालू ठेवा, आणि बटाटे टाकण्याआधी पंधरा मिनिटं रिकामा तापू द्या. थर्मोस्टॅटचा दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तयार, असं धरू नका. तेव्हा हवा तापलेली असते, पत्रा नाही. दार उघडलं की ती हवा निघून जाते. दिवा दोनदा विझू द्या.

इंग्रजी पाककृतींमध्ये ४०० किंवा ४५० हा आकडा दिसतो. तो फॅरनहाइटचा असतो. ४०० म्हणजे आपले साधारण २०५ आणि ४५० म्हणजे २३०. मोठ्या ओव्हनमध्ये २३० चालून जातं, कारण रॉड बटाट्यापासून लांब असतो. लहान ओटीजीत वरचा रॉड चार बोटांवर असतो. तिथे २३० वर तासभर ठेवलं तर वरची बाजू कोळसा होते. खाली १६० वर गेलात तर बटाटा शिजतो, पण साल सुकायला पुरेशी आच मिळत नाही. म्हणून २००. ओटीजीतला पंखा चालू केलात तर १८० ते १९० पुरे होतं.

बटणावरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. घरच्या ओटीजीत वीस अंशांचा फरक सर्रास असतो. ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदा लावून बघितला की आपला ओव्हन गरम आहे की थंड ते कळतं.

बटाटे ट्रेमध्ये ठेवू नका, थेट जाळीवर ठेवा. ट्रेला टेकलेल्या बाजूला वाफ अडकते आणि तिथली साल ओली राहते. जाळी मधल्या किंवा त्याच्या खालच्या खाचेत, दोन बटाट्यांमध्ये दोन बोटं अंतर, भिंतींपासूनही तेवढंच.

फॉइल गुंडाळायचं नाही. हा एवढा एकच नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. फॉइलमध्ये बटाटा भाजला जात नाही, वाफवला जातो. सदर बझारमधल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी नवा ओटीजी आल्यावर हेच केलं होतं. "अहो, आत छान झालाय, पण साल दाताखाली रबरासारखी येतेय," म्हणाल्या. त्यांनी हॉटेलात चंदेरी कागदात आलेला बटाटा पाहिला होता. तो कागद मुख्यतः बटाटा गरम ठेवण्यासाठी असतो. फॉइलमधला भाजलेला बटाटा तसाच ओट्यावर तासन् तास ठेवणं धोक्याचंही आहे. आत हवा नसते, ओल असते, कोमट असतं, आणि बोटुलिझम या अन्नविषबाधेच्या जंतूंना एवढंच लागतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोला १९९४ मध्ये असेच फॉइलमध्ये राहिलेले बटाटे वापरल्यामुळे बरेच लोक आजारी पडले होते.

वेळ, एका संध्याकाळच्या हिशेबानं

२०० अंशांवर दीडशे ग्रॅमच्या बटाट्याला पाऊण तासाच्या पुढे, दोनशे-अडीचशेच्या बटाट्याला एक तास ते सत्तर मिनिटं, आणि तीनशेच्या वर गेलं की ऐंशी मिनिटं किंवा जास्त. ही झाली ढोबळ मापं. प्रत्यक्षात काय होतं ते त्याच वहिनींकडे पुन्हा केलेल्या बटाट्यांवरून सांगतो.

इंदूरचे चार बटाटे होते. एक १८० ग्रॅमचा, दोन २२० चे, एक २५० चा. साडेसहाला ओव्हन लावला, पावणेसातला बटाटे जाळीवर गेले. पहिली वीस मिनिटं काहीच दिसत नाही. नंतर टोचलेल्या भोकांपाशी बारीक बुडबुडे आणि ओलसर चमक दिसायला लागते, म्हणजे वाफ बाहेर पडतेय. सव्वासातला चिमट्यानं सगळे उलटे केले, आणि मागच्या कोपऱ्यातला पुढे, पुढचा मागे असेही फिरवले. लहान ओव्हनमध्ये मागची बाजू जास्त तापते. हे काम पटकन उरकायचं. दार मिनिटभर उघडं राहिलं तर तापमान बरंच उतरतं.

साडेसातला सुरी घालून पहिल्यांदा तपासलं. १८० चा बटाटाही अजून मधे धरत होता. सात चाळीसला तो झाला. त्याला बाहेर काढायची गरज नव्हती. बटाटा दहा-पंधरा मिनिटं जास्त राहिला तर साल थोडी जाड होते, एवढंच. कमी भाजलेला बटाटा मात्र ताटात काही करून सुधारत नाही. सात पन्नासला २२० चे दोन्ही झाले, २५० च्या मध्यात किंचित अडखळत होतं. सात पंचावन्नला तोही झाला. मग तेल लावून दहा मिनिटं, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी सगळे बाहेर. ओव्हन लावल्यापासून पान वाढेपर्यंत दीड तासाच्या वर गेला, तो आधीच धरून चालायचा.

चारऐवजी सात-आठ बटाटे भरले तर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा.

मधेच लाईट गेली तर दार उघडू नका. दहा-पंधरा मिनिटांत आली तर तेवढाच वेळ वाढवा. तासभर आली नाही आणि बटाटे अर्धवटच झाले असतील तर ओव्हनचा नाद सोडा, बटाटे चिरून कढईत परता. साठ-सत्तर अंशांच्या आसपास बराच वेळ रेंगाळलेला बटाटा नंतर पुन्हा तापवला तरी चटकन मऊ होत नाही. त्या तापमानात त्याच्या पेशींना धरून ठेवणारं द्रव्य घट्ट होतं, आणि मधली गाठ हट्टानं तशीच राहते. ओव्हन न तापवता बटाटे टाकू नयेत, याचं एक कारण हेही आहे.

मऊ झाला की नाही

घड्याळ फक्त कधी तपासायला लागायचं ते सांगतं. झाला की नाही ते बटाटाच सांगतो.

पातळ सुरी, विणकामाची सुई किंवा कबाबची सळई बटाट्याच्या सर्वांत जाड भागात, मध्यापर्यंत घाला. आत जाताना काय वाटतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण बाहेर काढताना काय वाटतं ते जास्त महत्त्वाचं. गर सुरीला धरत असेल, ओढताना बटाटा जाळीवरून किंचित उचलला जात असेल, तर अजून दहा मिनिटं. सुरी सहज गेली आणि तशीच सुटून आली तर झालं. कडेला मऊ आणि मधे अचानक टणक लागलं तर ती कच्ची गाठ. काटा या कामाला वापरू नका. तो जाड असतो, बटाटा फोडतो, आणि मधली गाठ त्याला नीट कळत नाही.

दुसरी परीक्षा हातानं. जाड फडकं घेऊन बटाटा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. झालेला बटाटा आत दबतो आणि साल कडकडते. नुसता दबला पण साल मुकी राहिली, तर गर झालाय, साल अजून व्हायची आहे. दोन्ही कामं वेगळी आहेत ते इथे हातालाच कळतं.

अन्न तपासायचा टोकदार थर्मामीटर असेल त्यांच्यासाठी एक आपल्याकडची गोष्ट. परदेशी पुस्तकांत बटाट्याच्या मध्याचं तापमान ९८-९९ अंश व्हायला हवं असं लिहिलेलं सापडतं. समुद्रसपाटीला ते ठीक आहे. पण बटाटा ओला असेपर्यंत त्याचा मध्य पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाही, आणि उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे ९५-९६ ला. महाबळेश्वरात बसून ९९ ची वाट बघाल तर बटाट्याची फक्त साल उरेल. साताऱ्यात ९५-९६ दिसलं की पुरे. महाबळेश्वरात आकडा ९४ च्या पुढे सरकेनासा झाला की सुरीवर भरवसा ठेवा, आणि वेळ पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

शेवटची दहा मिनिटं

सगळे बटाटे मऊ झाले की बाहेर काढा आणि ओव्हन २२० ते २३० वर न्या. चार बटाट्यांना मिळून एक मोठा चमचा तेल पुरतं. ब्रशनं सगळीकडे पातळ हात फिरवा, थेंब ओघळता कामा नये. ओघळलेलं तेल खालच्या रॉडवर पडलं की धूर होतो, म्हणून खालच्या खाचेत ट्रे सरकवून ठेवा. शेंगदाण्याचं तेल उत्तम. तूपही छान लागतं, पण लोणी नको, त्यातला दुधाचा अंश एवढ्या आचेवर करपतो. आता साल कोरडी आहे, त्यामुळे तेल तिला अक्षरशः तळून काढतं. आठ-दहा मिनिटांत ती तांबूस होते आणि टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो.

बाहेर काढल्या काढल्या फोडा. सुरीनं वर फुलीसारखी चीर द्या आणि फडक्यानं दोन्ही टोकं धरून मध्याकडे दाबा. गर वर उसळतो आणि वाफेचा लोट निघतो. ही वाफ निघून जाणं गरजेचं आहे. झालेले बटाटे झाकून ठेवले, डब्यात भरले किंवा नुसते न फोडता दहा मिनिटं ताटात ठेवले, तर तीच वाफ गरात जिरून गर चिकट होतो आणि सालीत येऊन सालही मऊ पडते. तासाभराची मेहनत तिथे वाया जाते. पाहुणे उशिरा येणार असतील तर बटाटे न फोडता १०० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवरच राहू द्या, अर्धा तास तरी निभावतात.

वरून काय घालायचं त्याबद्दल मी फार बोलणार नाही. लोणी आणि मीठ-मिरी पुरते. लसणाच्या लाल चटणीत दही कालवून घातलं तर आणखी बरं. मात्र पातळ काही सालीवर सांडू नका, गरातच भरा.

उरलेले बटाटे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर साल ओल्या कागदासारखी होते. तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर जाळीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवले तर ती पुन्हा बरीचशी कडक होते. तेवढा वेळ नसेल तर अर्धे कापा आणि तव्यावर तेलाचा हात लावून सालीची बाजू खाली ठेवून परतून घ्या.